रिव्ह्यूअरने अभ्यासाचं डिझाइनच चुकीचं वाचलं, तर अपिलाचं पत्र कसं लिहावं?

प्रश्न: आमचा पेपर रिजेक्ट झाला. रुग्णांचं कॅथेटर लवकर काढलं जावं म्हणून १२ वॉर्डांत रोजची तपासणी-यादी टप्प्याटप्प्याने सुरू केली होती. ३-३ वॉर्डांचे ४ गट, ३-३ महिन्यांचे ५ कालखंड, आणि कोणता वॉर्ड कधी सुरू होणार हे रँडमाइझ करून ठरवलेलं (स्टेप्ड-वेज). दुसऱ्या रिव्ह्यूअरने लिहिलं, "ही नियंत्रण गट नसलेली आधी-नंतरची तुलना आहे, त्यामुळे संसर्ग कमी होण्याचं श्रेय हस्तक्षेपाला देता येत नाही." संपादकांनी हेच कारण देऊन नकार कळवला. पहिल्या रिव्ह्यूअरच्या सूचना किरकोळ आहेत. अपील करावं का? पत्रात नेमकं काय लिहावं? आमच्याच सारांशात "अंमलबजावणीपूर्वी आणि नंतर" असे शब्द आहेत, हे आता लक्षात आलंय.

उत्तर:

अपील करण्यासारखी ही केस आहे असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण संपादकांच्या पत्रातच आहे. नकार देताना त्यांनी एका विशिष्ट मुद्द्याचा आधार घेतला आणि तो मुद्दा तपासून पाहता येतो. नियंत्रण गट होता की नव्हता, हा मताचा प्रश्न नाही; पेपर उघडून पाहिलं की उत्तर मिळतं. त्यांनी "आमच्या वाचकांसाठी हा विषय पुरेसा महत्त्वाचा वाटत नाही" असं लिहिलं असतं, तर मी तुम्हाला पत्र लिहू नका असंच सांगितलं असतं. संपादकाची निवड वादाने बदलत नाही. तेव्हा निर्णयाचं पत्र पुन्हा एकदा सावकाश वाचा. डिझाइनच्या आक्षेपानंतर "शिवाय नावीन्य मर्यादित आहे" अशा अर्थाचं वाक्य कुठे दडलेलं नाही ना, ते बघा. असेल तर डिझाइनचा गैरसमज दूर होऊनही निर्णय तोच राहण्याची शक्यता मोठी आहे.

दुसरी तपासणी तुमच्या स्वतःच्या पेपरची. अपील करणाऱ्या बहुतेकांना वाटतं की रिव्ह्यूअरने नीट वाचलं नाही. मी अशी पत्रं दोन्ही बाजूंनी हाताळली आहेत, लेखक म्हणूनही आणि संपादक मंडळावर असतानाही. माझ्या अनुभवात तीन वेगळ्या गोष्टींना लोक "गैरवाचन" म्हणतात. डिझाइन पेपरमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं आणि रिव्ह्यूअरच्या नजरेतून ते सुटतं, ही पहिली. दुसरीत ते लिहिलेलं असतं, पण दुसरीकडे आपणच वापरलेल्या शब्दांशी ते विसंगत असतं. आणि तिसरीत ते आपल्या डोक्यात आणि प्रोटोकॉलमध्ये असतं, पेपरमध्ये नसतंच. तिसऱ्या प्रकाराला गैरवाचन म्हणता येत नाही. तिथे पेपर दुरुस्त करून दुसरीकडे पाठवणं बरं. तुमची केस दुसऱ्या प्रकारची आहे. म्हणजे पत्रात दोन गोष्टी एकत्र याव्या लागतील: डिझाइन काय होतं याचा पुरावा, आणि गोंधळाला आपले शब्द कारणीभूत ठरले याची सरळ कबुली.

ही कबुली देताना हात आखडू नका. सारांश हा रिव्ह्यूअरने सगळ्यात आधी वाचलेला भाग असतो. तिथे "पूर्वी आणि नंतर" वाचून त्याच्या मनात एक चित्र तयार झालं, आणि पुढची वीस पानं त्याने त्या चित्राच्या प्रकाशात वाचली. पद्धतीच्या भागातलं रँडमायझेशनचं वाक्य त्याने पाहिलंही असेल, पण "वॉर्ड कसे निवडले" एवढाच अर्थ घेऊन तो पुढे गेला असेल. माझा सल्ला असा की संशोधनाशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला फक्त सारांश आणि निकालांचा मुख्य तक्ता द्या आणि विचारा, "हा अभ्यास कसा केला असेल?" त्यानेही "आधी-नंतर" म्हटलं तर पत्राचा सूर आपोआप नरम होईल, आणि तो तसाच असायला हवा.

मुख्य तक्त्याचा उल्लेख मुद्दाम केला. स्टेप्ड-वेजच्या पेपरमध्ये पहिला रकाना "हस्तक्षेपापूर्वी", दुसरा "हस्तक्षेपानंतर" आणि दोन्हीकडे दर १००० कॅथेटर-दिवसांमागे संसर्ग, असा तक्ता फार वेळा दिसतो. तो तक्ता खरोखरच आधी-नंतरची तुलना दाखवतो. काळाचा हिशेब धरलेला मॉडेलचा आकडा खाली एका ओळीत किंवा मजकुरात असतो. तुमच्याकडे तसं असेल तर गोंधळाचं दुसरं कारण तेच आहे, आणि तेही पत्रात लिहा.

आता या सगळ्याचा गाभा. पत्रात डिझाइन कसं समजावायचं हे ठरवण्याआधी रिव्ह्यूअरच्या भीतीत तथ्य किती आहे ते स्वतःला नीट कळलं पाहिजे. इथेच बरीच अपिलं घसरतात. लेखक म्हणतो "आमचा अभ्यास रँडमाइझ्ड आहे, त्यामुळे हा आक्षेप गैरलागू आहे," आणि संपादक ज्या संख्याशास्त्रज्ञाला विचारतो तो म्हणतो, "इतकं सोपं नाही." तुमचं डिझाइन असं मांडता येतं (० म्हणजे नेहमीची पद्धत, १ म्हणजे तपासणी-यादी सुरू):

```
             कालखंड
गट          १  २  ३  ४  ५
अ (३ वॉर्ड)  ०  १  १  १  १
आ (३ वॉर्ड)  ०  ०  १  १  १
इ (३ वॉर्ड)  ०  ०  ०  १  १
ई (३ वॉर्ड)  ०  ०  ०  ०  १
```

उभ्या रकान्यांकडे बघा. दुसऱ्या कालखंडात ३ वॉर्डांत यादी सुरू आहे आणि त्याच तीन महिन्यांत ९ वॉर्ड जुन्या पद्धतीने चालू आहेत. तिसऱ्यात ६ आणि ६, चौथ्यात ९ आणि ३. म्हणजे मधल्या तिन्ही कालखंडांत एकाच वेळी दोन्ही प्रकारचे वॉर्ड आहेत, आणि कोण कुठे हे रँडमाइझ करून ठरलेलं आहे. हाच तुमचा समकालीन नियंत्रण गट. रिव्ह्यूअरचं "नियंत्रण गट नाही" हे विधान इथे चुकतं, आणि एवढं चित्र पाहून ते कुणालाही अर्ध्या मिनिटात कळतं.

आता आडव्या ओळींकडे बघा. प्रत्येक ओळीत आधी शून्यं, मग एकं. उलटा क्रम कुठेच नाही. वॉर्ड आणि कालखंड यांच्या एकूण ६० चौकटींत ३० नियंत्रणाच्या आणि ३० हस्तक्षेपाच्या आहेत. पण नियंत्रणाच्या चौकटींचा सरासरी कालखंड २ येतो आणि हस्तक्षेपाच्या चौकटींचा ४. दोघांत सरासरी दोन कालखंडांचं, म्हणजे सहा महिन्यांचं अंतर आहे. त्या काळात संसर्ग आपोआप कमी होत असेल, तर सगळी शून्यं एकीकडे आणि सगळी एकं दुसरीकडे टाकून काढलेली साधी तुलना हस्तक्षेपाला न मिळवलेलं श्रेय देईल. रिव्ह्यूअरची मूळ काळजी हीच आहे आणि ती रास्त आहे. म्हणून स्टेप्ड-वेजच्या विश्लेषणात कालखंड हा घटक मॉडेलमध्ये घ्यावाच लागतो. हसी आणि ह्यूज यांनी २००७ मध्ये मांडलेलं मॉडेल याच कारणासाठी प्रत्येक कालखंडाला स्वतःचा परिणाम देतं आणि वॉर्डावॉर्डांतला फरक वेगळा धरतं. तुमचं विश्लेषण असं झालेलं असेल, तर उत्तर दोन पायांवर उभं राहतं: समकालीन तुलना डिझाइनमध्ये आहे आणि काळाचा बदल मॉडेलमध्ये धरलेला आहे. कालखंड मॉडेलमध्ये नसेल, तर अपील करू नका. तसं असेल तर रिव्ह्यूअरचं वाक्य शब्दशः चुकीचं असलं तरी त्याचा निष्कर्ष बरोबर आहे.

आणखी एक मर्यादा मान्य करून ठेवा. काळाचा बदल सगळ्या वॉर्डांत साधारण सारखा आहे असं हे साधं मॉडेल गृहीत धरतं. अतिदक्षता विभागात वेगळा कल आणि सामान्य वॉर्डांत वेगळा कल असेल, तर हे गृहीतक डळमळतं. त्याची पडताळणी केली असेल तर पत्रात एका वाक्यात सांगा. केली नसेल, तर सुधारित आवृत्तीत करून देण्याची तयारी दाखवा, पण नवे निकाल पत्रात घालू नका. अपील म्हणजे जो पेपर वाचला गेला त्याच्याबद्दलचं म्हणणं. नवे आकडे आले की संपादकाच्या दृष्टीने ते नवं सबमिशन होतं.

पुरावा म्हणून सर्वांत वजनदार गोष्ट तुमच्या पेपरबाहेर आहे. चाचणीची नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी झाली असेल आणि नोंदीत "क्लस्टर रँडमाइझ्ड, स्टेप्ड-वेज" असं लिहिलेलं असेल, तर तो नोंदणी क्रमांक आणि तारीख पत्रात द्या. नकारानंतर लेखकाने डिझाइनला नवं नाव दिलं नाही, हे त्यावरून तिसऱ्या माणसालाही दिसतं. प्रसिद्ध झालेला प्रोटोकॉल असेल तर तोही. मात्र पेपरमधल्या वाक्याची जागा नोंदणी घेऊ शकत नाही. संपादक आधी विचारणार, "हे माझ्या रिव्ह्यूअरसमोर होतं का?" म्हणून पेपरचं पान आणि ओळ आधी, नोंदणी नंतर.

रिव्ह्यूअर दोनच्या अहवालात यापुढेही आक्षेप असतील. ते एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकाला विचारा: डिझाइनचा गैरसमज नसता तर हा आक्षेप आला असता का? समजा त्याने लिहिलंय की ऋतूनुसार संसर्ग बदलतो आणि तो विचारात घेतलेला नाही. हा आक्षेप गैरसमजातून आला आहे, कारण एकाच कालखंडातले दोन्ही प्रकारचे वॉर्ड एकाच ऋतूत होते. संपूर्ण रुग्णालयात त्याच वर्षी दुसरा काही बदल झाला असेल ही शंकाही बहुतांशी तशीच. पण "संसर्गाचं निदान करणाऱ्यांना वॉर्डात यादी सुरू आहे की नाही हे माहीत होतं" असा आक्षेप असेल, तर तो डिझाइन बरोबर वाचल्यावरही तसाच उभा राहतो. पहिल्या प्रकारचे आक्षेप पत्रात एका वाक्यात गुंडाळा. दुसऱ्या प्रकारचे आहेत तसे मान्य करा आणि सुधारणा सुचवा. स्वतःला अडचणीचं असलेलं जो लेखक मान्य करतो, त्याचं बाकीचं म्हणणं संपादक विश्वासाने वाचतो.

आता खुद्द पत्र. ते जर्नलच्या भाषेत जाईल; मजकुराची मांडणी दिसावी म्हणून इथे मराठीत देतो. पान आणि ओळींचे आकडे तुमच्या सादर केलेल्या आवृत्तीतून घ्या. त्यासाठी सबमिशन सिस्टीमने तयार केलेली पीडीएफच वापरा. तुमच्या संगणकावरच्या फाइलमधले ओळ क्रमांक संपादकाच्या प्रतीशी जुळत नाहीत, आणि न जुळणारा संदर्भ पत्राचा जीवच काढून घेतो.

> विषय: लेख क्रमांक [—] वरील निर्णयाचा पुनर्विचार करण्याची विनंती
>
> आदरणीय डॉ. [संपादकांचं आडनाव],
>
> आमच्या लेखावरील आपला निर्णय आणि दोन्ही परीक्षकांचे अभिप्राय मिळाले. त्यांनी दिलेल्या वेळेबद्दल आभारी आहोत. निर्णयाचा मुख्य आधार असलेल्या एका मुद्द्याबाबत, म्हणजे अभ्यासाच्या डिझाइनबाबत, आम्ही पुनर्विचाराची विनंती करत आहोत.
>
> परीक्षक २ यांनी लिहिले आहे: "ही नियंत्रण गट नसलेली आधी-नंतरची तुलना आहे." हा अभ्यास स्टेप्ड-वेज क्लस्टर रँडमाइझ्ड चाचणी होता. सादर केलेल्या लेखात (पान ७, ओळी १४२ ते १४७) असे नमूद आहे: "१२ वॉर्ड प्रत्येकी ३ च्या ४ गटांत यादृच्छिक पद्धतीने विभागले आणि प्रत्येक गटाने हस्तक्षेप कोणत्या कालखंडात सुरू करायचा हे त्यानुसार ठरवले." दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या कालखंडांत अनुक्रमे ९, ६ आणि ३ वॉर्ड नेहमीच्या पद्धतीने काम करत होते, आणि त्याच वेळी उरलेल्या वॉर्डांत हस्तक्षेप सुरू होता. सोबतच्या आकृतीत ही मांडणी दाखवली आहे. चाचणीची नोंदणी याच डिझाइनखाली पहिल्या रुग्णाच्या समावेशापूर्वी झाली होती (क्रमांक [—], दिनांक [—]).
>
> काळानुसार होणाऱ्या बदलांबद्दल परीक्षकांनी व्यक्त केलेली काळजी या प्रकारच्या डिझाइनमध्ये महत्त्वाची आहे. मुख्य विश्लेषणात कालखंड हा स्वतंत्र घटक म्हणून घेतला आहे आणि वॉर्डांमधील फरकही विचारात घेतला आहे (पान ९, ओळी १९८ ते २०५). लेखात दिलेला परिणामाचा अंदाज याच विश्लेषणातून आला आहे.
>
> हा गैरसमज होण्यास आमचे लेखन कारणीभूत ठरले, याची आम्हाला जाणीव आहे. सारांशात आम्ही "अंमलबजावणीपूर्वी आणि नंतर" असे शब्द वापरले आणि तक्ता २ मध्ये काळाचा विचार न केलेले दर ठळकपणे दिले. संधी मिळाल्यास शीर्षक आणि सारांशात डिझाइनचे नाव देऊ, आकृती मुख्य लेखात घेऊ आणि तक्ता २ ची फेरमांडणी कालखंडानुसार करू.
>
> ऋतुमान आणि रुग्णालयातील इतर बदलांबद्दलचे परीक्षक २ यांचे मुद्दे (क्रमांक ३ आणि ४) वरील डिझाइनच्या प्रकाशात पुन्हा पाहिले जावेत, ही विनंती. निदान करणाऱ्यांना वॉर्डाची स्थिती माहीत असल्याचा त्यांचा मुद्दा (क्रमांक ५) योग्य आहे. तो आम्ही मर्यादा म्हणून स्पष्टपणे मांडू.
>
> आपणास योग्य वाटल्यास डिझाइन आणि विश्लेषणाचा भाग संख्याशास्त्रीय परीक्षकांकडून तपासला जावा, अशी आमची विनंती आहे. आपला अंतिम निर्णय काहीही असला तरी तो आम्हाला मान्य असेल. अपिलाचा निर्णय होईपर्यंत हा लेख आम्ही अन्यत्र सादर केलेला नाही आणि करणार नाही. सर्व सहलेखकांनी हे पत्र वाचून त्यास संमती दिली आहे.
>
> आपला/आपली,
> [संपर्क लेखक]

या पत्रात काही गोष्टी जाणूनबुजून केल्या आहेत. रिव्ह्यूअरचं वाक्य जसंच्या तसं अवतरणात आहे आणि लगेच खाली पेपरचं वाक्यही जसंच्या तसं. दोन्हींच्या मध्ये "दुर्दैवाने", "स्पष्टपणे दुर्लक्ष करून" असं काही नाही. ती दोन वाक्यं शेजारी ठेवली की विसंगती आपोआप दिसते, आणि जे संपादकाला स्वतःला दिसलं त्याचा परिणाम तुमच्या विशेषणांपेक्षा कितीतरी जास्त होतो. लक्षात ठेवा, त्या रिव्ह्यूअरला संपादकानेच निवडलं आहे, आणि कदाचित तो त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं विनामूल्य काम करतो. रिव्ह्यूअरच्या योग्यतेवर बोट ठेवलं की ते संपादकाच्या निवडीवर जातं. तो कोण असेल याचा अंदाज तर पत्रात, फोनवर, कुठेच व्यक्त करू नका.

विनंती काय केली आहे तेही पाहा. "पेपर स्वीकारा" असं कुठेही नाही. पुन्हा तपासा, शक्य तर संख्याशास्त्रज्ञाकडून, एवढंच मागितलं आहे. संपादकाला "हो" म्हणायला सोपी पडेल अशी ही मागणी आहे, कारण ती मान्य करताना स्वतःचा निर्णय चुकला असं त्यांना म्हणावं लागत नाही. "परीक्षक २ बदला" अशी थेट मागणी मात्र टाळा. नवा परीक्षक हवा की नको हे संपादक स्वतः ठरवतील.

पहिल्या रिव्ह्यूअरच्या चांगल्या शब्दांचा उल्लेख मी मुद्दाम वगळला. तो अहवाल संपादकांसमोर आहे. तो उद्धृत केला की "दोघांत एक माझ्या बाजूने आहे" अशी मतमोजणी सुरू होते. पदोन्नतीची तारीख, निधी देणाऱ्याची मुदत, टीममधल्या मोठ्या व्यक्तींची नावं यांनाही पत्रात जागा नाही.

लांबी एका पानाच्या आसपास ठेवा, शिवाय आकृती. माझं पहिलं अपील साडेचार पानांचं होतं. त्यात रिव्ह्यूअरच्या प्रत्येक वाक्याला उत्तर होतं, आणि खरा मुद्दा तिसऱ्या पानाच्या मध्यावर होता. उत्तर दोन ओळींचं आलं: निर्णय कायम. काही वर्षांनी मी स्वतः अशी पत्रं वाचायला लागलो तेव्हा कारण कळलं. पहिल्या दोन परिच्छेदांत नेमका गैरसमज सापडला नाही, तर वाचणारा असं धरून चालतो की लेखक नाराज आहे, एवढंच. तुमचा मुद्दा दुसऱ्या परिच्छेदाच्या पहिल्या ओळीत यायलाच हवा.

पाठवण्याच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. जर्नलच्या संकेतस्थळावर अपिलाचे नियम पाहा. कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स, म्हणजे कोप, जर्नलांकडून अपिलाची स्पष्ट प्रक्रिया असावी अशी अपेक्षा करते, त्यामुळे बहुतेक ठिकाणी ती लिहिलेली असते. पत्र कोणाच्या नावे, कुठल्या मार्गाने, किती दिवसांत, हे जर्नलनुसार बदलतं. नकाराच्या ईमेलला रागात दिलेलं उत्तरही काही ठिकाणी अपील म्हणूनच नोंदलं जातं आणि तुमची एकमेव संधी त्यात संपते. म्हणून दोन-चार दिवस थांबा, मसुदा लिहा, एका रात्रीनंतर पुन्हा वाचा, आणि ज्या सहलेखकाला सगळ्यात जास्त राग आलाय त्याच्याऐवजी ज्याला सगळ्यात कमी आलाय त्याला शेवटचा हात फिरवू द्या.

पुढे काय होऊ शकतं? संपादक स्वतः पाहून निर्णय कायम ठेवतील, किंवा पेपर नव्या परीक्षकाकडे जाईल, किंवा दुरुस्त करून नव्याने सादर करायला सांगतील. शेवटचा पर्याय मिळाला तर तो निम्मं यश समजा आणि नाराज न होता घ्या. नवीन सबमिशन पेपरला नवी सुरुवात देतं, आणि चुकीचा सारांश त्यात उरत नाही. अपिलांना नेहमीच्या कामानंतरचं स्थान मिळतं, त्यामुळे काही आठवडे लागणं सामान्य आहे. त्यापेक्षा जास्त झालं तर संपादकीय कार्यालयाला एक शांत विचारणा करा. दरम्यान कंटाळून पेपर दुसरीकडे पाठवावासा वाटला, तर आधी अपील मागे घेत असल्याचं लेखी कळवा आणि पोच मिळू द्या. अपील प्रलंबित असताना तोच पेपर दुसऱ्या जर्नलकडे असणं म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी सादर करणं, आणि त्याचे परिणाम नकारापेक्षा फार वाईट असतात. निर्णय कायम राहिला तर दुसरं अपील करू नका. मात्र संपादकाचा हितसंबंध किंवा प्रक्रियेतला गैरप्रकार असं काही असेल, तर तो तक्रारीचा वेगळा मार्ग आहे.

आणि अपिलाचा निकाल लागण्याची वाट न पाहता पेपरमधल्या दुरुस्त्या आजपासून करायला घ्या, कारण त्या दोन्ही परिस्थितींत लागणार आहेत. स्टेप्ड-वेज चाचण्यांच्या मांडणीसाठी कॉन्सॉर्टची स्वतंत्र पुरवणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. शीर्षकातच डिझाइनचं नाव असावं आणि लेखात डिझाइनची आकृती असावी, असं ती सांगते. वर दिलेला तक्ता नीट आखून पहिली आकृती करा. सारांशातलं "अंमलबजावणीपूर्वी आणि नंतर" काढून "नियंत्रण कालखंड" आणि "हस्तक्षेप कालखंड" असे शब्द घ्या. तक्ता २ मध्ये प्रत्येक कालखंडाची एक ओळ ठेवा आणि तिच्यात त्या वेळी यादी असलेल्या आणि नसलेल्या वॉर्डांचे दर शेजारी-शेजारी द्या. पहिल्या ओळीत हस्तक्षेपाचा आणि पाचव्या ओळीत नियंत्रणाचा रकाना रिकामा राहील. तो तसाच रिकामा राहू द्या. मधल्या तीन ओळींत दोन्ही रकाने भरलेले दिसले की पुढच्या परीक्षकाला समकालीन नियंत्रण गट शोधत बसावं लागणार नाही.